सही कोणाची?

(स्नेहमेळाव्याच्या दुसऱ्या दिवशी, दुपारच्या सत्रात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला 'आरोग्याविषयी काहीतरी बोल' असं सांगितलं होतं. मधुमेह, रक्तदाब, गुडघेदुखी हे आपल्या वयाला शोभणारे विषय होते. पण मागच्या मेळाव्यात जेवणाच्या पंगतीत आपल्याच वर्गातल्या एका मैत्रिणीने मला एक प्रश्न विचारला होता. तेव्हा मी थातूरमातूर उत्तर देऊन वेळ मारून नेली. आज त्याचं नीट उत्तर द्यायचा विचार आहे. तिची आणि तिच्या यजमानांची परवानगी घेऊनच मी हे सांगतोय.

तिचे यजमान स्कूटरवरून पडले, ते घरापासून दूर, दुसऱ्या शहरात. लोकांनी त्यांना जवळच्या एका मोठ्या रुग्णालयात नेलं. तिथे पोचले तेव्हा ते शुद्धीवर होते, नाव-गाव सांगत होते, 'डोकं दुखतंय' म्हणत होते. स्कॅन झाला. कवटी आणि मेंदूवरचं आवरण यांच्यामध्ये रक्त साठू लागलं होतं. आम्ही त्याला एक्स्ट्राड्युरल म्हणतो. या दुखापतीत पेशंट सुरुवातीला बरा वाटतो, बोलतो, कधी चहाही मागतो. मग रक्ताचा गोळा मोठा होत जातो, मेंदू दाबला जातो, गुंगी येते, आणि त्या बाजूच्या डोळ्याची बाहुली मोठी होते. ही बाहुली मोठी होणं म्हणजे आमच्यासाठी धोक्याची घंटा. तिथून पुढे मिनिटांचा हिशेब असतो. कवटी उघडून ते रक्त काढलं तर माणूस चालत घरी जाऊ शकतो. न काढलं तर जातो, किंवा राहतो तो अधू होऊन.

रुग्णालयाने आपल्या मैत्रिणीला फोन केला. 'ऑपरेशन करावं लागेल, पण घरच्यांची सही झाल्याशिवाय घेता येणार नाही. तुम्ही या.' ती तीन तासांच्या अंतरावर होती. ती गाडीत बसून रडत, फोनवर 'माझी परवानगी आहे, सुरू करा' असं सांगत राहिली. 'फोनवर चालत नाही,' असं उत्तर मिळालं. ती पोचली, सही केली, ऑपरेशन झालं. यजमान वाचले. पण उजवा हात नीट चालत नाही आणि शब्द आठवायला वेळ लागतो. लवकर ऑपरेशन झालं असतं तर ते पूर्ण बरे झाले असते, असं मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. तसं कोणीच सांगू शकणार नाही. पण त्या तीन तासांचा काही उपयोग झाला नाही आणि नुकसान मात्र झालं, एवढं नक्की.

तिचा प्रश्न साधा होता. 'अरे, माझ्या सहीत असं काय होतं, की तिच्यासाठी त्यांना तीन तास थांबवून ठेवलं?'

मी आज तीन गोष्टी सांगणार आहे. एक तुम्ही आत्ता ऐकलीत. दुसरीत चूक माझी आहे. तिसरीत मी बरोबर वागलो, असं मला वाटतं.

आपण सगळे प्रगतिपुस्तकावर 'पालकांची सही' आणत मोठे झालो. आपल्यातल्या काहींनी ती सही स्वतःच केली आणि मुख्याध्यापक सरांचा प्रसादही खाल्ला. नावं घेत नाही, ते समोर बसले आहेत. विनोद सोडला तर सांगायचं असं, की ती सवय आपल्या समाजात फार खोल रुजली आहे. महत्त्वाच्या कागदावर सही 'घरच्या कुणीतरी' करायची. दवाखान्यातही तेच होतं. पेशंट खाटेवर धडधाकट शुद्धीत बसलेला असतो, आणि नर्स फॉर्म घेऊन दाराबाहेर जाऊन विचारते, 'यांच्याबरोबर कोण आहे?' वडील असतील तर मुलाची सही, बाई असतील तर नवऱ्याची सही. मीही कित्येक वर्षं असंच केलं. त्यातूनच माझी चूक घडली.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. मला स्वतंत्रपणे काम सुरू करून थोडीच वर्षं झाली होती. तिशीतल्या एक बाई पोटाच्या उजव्या बाजूला दुखतंय म्हणून आल्या. लक्षणं अपेंडिक्सची होती. ऑपरेशन ठरलं. फॉर्मवर नवऱ्याने सही केली, आणि त्याखाली बाईंचीही घेतली. पोट उघडलं. अपेंडिक्स सुजलेलं होतं, ते काढलं. पण शेजारी उजव्या अंडाशयावर लिंबाएवढी गाठ दिसली. तिला पीळ पडलेला नव्हता, ती फुटलेली नव्हती, रक्तस्राव नव्हता. शांतपणे बसलेली गाठ.

मी हातमोजे काढले, बाहेर आलो आणि नवऱ्याला सांगितलं, 'अंडाशयावर गाठ आहे. आत्ता पोट उघडलेलंच आहे, काढून टाकलेली बरी. नाहीतर पुन्हा ऑपरेशन.' ते म्हणाले, 'डॉक्टर, तुम्हाला योग्य वाटेल ते करा.' फॉर्मवर आणखी एक ओळ लिहिली, त्यांनी सही केली. मी आत जाऊन गाठीसकट अंडाशय काढलं. चार-पाच दिवसांनी तपासणीचा अहवाल आला. गाठ साधी होती. मी खूश होतो. एका भुलीत दोन कामं झाली, त्यांचा खर्च वाचला, असा माझा हिशेब होता.

टाके काढायला आल्या तेव्हा त्यांच्या हातात डिस्चार्ज कार्ड होतं. शिकलेल्या होत्या, त्यांनी ते वाचलं होतं. त्यांनी मला एवढंच विचारलं, 'माझ्या पोटातलं काय काढायचं ते तुम्ही ह्यांना विचारलंत. मला का नाही विचारलंत?'

मी म्हणालो, 'तुम्ही टेबलावर होतात ना.' त्या म्हणाल्या, 'मी जागी होते, डॉक्टर.'

त्या खरोखरच जाग्या होत्या. कमरेतून इंजेक्शन देऊन खालचा भाग बधिर केला होता. मी आणि त्यांचा चेहरा यांच्यामध्ये फक्त एक हिरवं कापड होतं. मी त्यांना ओलांडून, खोलीबाहेर जाऊन दुसऱ्या माणसाला विचारून आलो. आमचं बोलणं त्यांना अर्धवट ऐकू येत होतं आणि त्या घाबरून गप्प पडून होत्या.

आता मला कोणी म्हणेल, 'मग कापडाच्या वरून डोकावून विचारायचं होतंस.' तेही पुरेसं झालं नसतं. पोट उघडलेलं, हातापायांत कापरं, अशा अवस्थेत कोणी विचार करून निर्णय घेऊ शकत नाही. खरं उत्तर सोपं होतं. अपेंडिक्स काढायची परवानगी होती, ते काढायचं. गाठ डोळ्यांनी नीट पाहून तिचं वर्णन लिहून ठेवायचं. पोट शिवायचं. दोन दिवसांनी बाई उठून बसल्यावर सांगायचं, की अशी गाठ दिसली आहे, सोनोग्राफी करू, काही गाठी काही महिन्यांत आपोआप विरतात, काहींमध्ये नुसती गाठ काढून अंडाशय वाचवता येतं, काहींमध्ये अंडाशय काढावं लागतं. मग त्यांनी ठरवायचं. अंडाशय वाचवायचा पर्याय त्यांच्यासमोर आलाच नाही, कारण तो मी माझ्याच मनात निकालात काढला होता. त्यांनी माझ्यावर केस केली नाही. पुन्हा माझ्याकडे आल्याही नाहीत.

पुढे २००८ साली सर्वोच्च न्यायालयाचा एक निकाल आला. डॉक्टर मंडळी त्याला समीरा कोहली निकाल म्हणून ओळखतात. तो वाचताना मला वाटलं, हे माझंच वर्णन आहे. १९९५ मधली घटना. ४४ वर्षांच्या एक अविवाहित बाई मासिक पाळीच्या वेळचा रक्तस्राव थांबत नाही म्हणून डॉक्टरांकडे गेल्या. दुर्बिणीतून तपासणी करायचं ठरलं. त्यांनी सही केली ती दुर्बिणीच्या तपासणीसाठी आणि दुर्बिणीतून करता येईल तेवढ्या उपचारासाठी, आणि गरज पडल्यास पोट उघडावं लागेल एवढ्यासाठी. त्या भुलीखाली असताना डॉक्टरांना आत आजार पसरलेला दिसला. सहायक डॉक्टर बाहेर आल्या आणि त्यांच्या आईची सही घेतली. मग गर्भाशय, दोन्ही अंडाशयं, नलिका, सगळं काढलं.

न्यायालयाने काय म्हटलं, ते नीट ऐका, कारण आजच्या विषयाचा गाभा तिथे आहे. न्यायालयाने असं म्हटलं नाही, की शस्त्रक्रिया वाईट हेतूने केली. उलट डॉक्टरांनी ती चांगल्या हेतूने, पेशंटच्या हितासाठी केली हे मान्य केलं. तरीही ती बेकायदेशीर ठरवली. कारण एक, तपासणीसाठी दिलेली संमती ही अवयव काढण्याची संमती होत नाही. दोन, पेशंट सज्ञान आहे, तिची बुद्धी शाबूत आहे आणि ती फक्त काही तासांसाठी भुलीखाली आहे. ती शुद्धीवर येईपर्यंत थांबता येत होतं. अशा वेळी आईची सही तिच्या सहीची जागा घेऊ शकत नाही. डॉक्टरांनी मागितलेलं बिल रद्द झालं आणि पंचवीस हजार रुपये भरपाई द्यावी लागली. रक्कम लहान आहे, पण आईची किंवा नवऱ्याची सही हाताशी असली की आपण सुरक्षित, हा आमचा समज त्या दिवशी संपायला हवा होता.

पुरता संपला नाही, याला एक कारण आहे. आम्हा डॉक्टरांच्या आचारसंहितेत, २००२ च्या नियमांत, शस्त्रक्रियेआधी लेखी संमती घेण्याबद्दल एक कलम आहे. त्याची वाक्यरचना अशी आहे, की पती किंवा पत्नी, अज्ञान मुलाच्या बाबतीत आईवडील किंवा पालक, अथवा खुद्द रुग्ण, यांपैकी जसं लागू असेल तशी संमती घ्यावी. खुद्द रुग्ण सगळ्यात शेवटी! हे वाचून कोणालाही वाटेल, की आधी नवऱ्याला विचारायचं. मूल होण्याची क्षमता जाईल अशा शस्त्रक्रियेसाठी पतिपत्नी दोघांची संमती घ्यावी, असंही तिथे वेगळं म्हटलं आहे. पण याच देशात १९७१ पासून गर्भपाताचा कायदा सांगतो, की सज्ञान स्त्रीच्या बाबतीत फक्त तिचीच संमती लागते, नवऱ्याची नाही. तरी आजही अनेक ठिकाणी नवऱ्याला बोलावून आणायला सांगतात. प्रसूतीच्या वेळी तर हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. बाळाचे ठोके मंदावले आहेत, सिझेरियन लागणार आहे, बाई शुद्धीत आहे, 'करा' म्हणते आहे, आणि सगळे सासूबाई रिक्षातून उतरायची वाट बघत आहेत. त्या बाईची स्वतःची सही पुरेशी असते. तीच खरी सही असते.

आता मैत्रिणीच्या यजमानांकडे परत येतो. तिथे पेशंट बेशुद्ध झाला होता, सही देऊ शकत नव्हता. मग काय करायचं?

आपल्याकडचा कायदा याबाबतीत दीडशे वर्षांपेक्षा जुना आणि अगदी स्पष्ट आहे. १८६० च्या भारतीय दंड संहितेचं कलम ९२. आता नवीन न्याय संहिता आली, तिच्यात तेच कलम ३० क्रमांकाने आहे. एखाद्याच्या भल्यासाठी, सद्हेतूने, त्याच्या संमतीविना केलेली कृती गुन्हा होत नाही, जर तो संमती देऊ शकण्याच्या स्थितीत नसेल आणि ज्याच्याकडून वेळेत संमती मिळू शकेल असा त्याचा कायदेशीर पालक तिथे नसेल. जुन्या कायद्यांत कलमाखाली उदाहरणं द्यायची पद्धत होती. या कलमाखालचं एक उदाहरण असं आहे : एक माणूस घोड्यावरून पडून बेशुद्ध झाला. शल्यचिकित्सकाला दिसलं, की त्याच्या कवटीला भोक पाडणं आवश्यक आहे. तो माणूस शुद्धीवर येण्याआधीच त्याने सद्हेतूने ते केलं. त्याने कोणताही गुन्हा केलेला नाही.

घोड्याच्या जागी स्कूटर घाला. आपल्या मैत्रिणीच्या यजमानांची केस कायदा लिहिणाऱ्यांनी १८६० सालीच लिहून ठेवली होती. दुसरं उदाहरण अपघात झालेल्या लहान मुलाचं आहे. ताबडतोब शस्त्रक्रिया केली नाही तर जीव जाईल, पालकांना विचारायला वेळ नाही, मूल 'नको नको' म्हणून रडतंय, तरी डॉक्टरने शस्त्रक्रिया केली तर तो गुन्हा नाही. पुढे १९८९ साली परमानंद कटारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने बजावलं, की डॉक्टर सरकारी असो वा खाजगी, जीव वाचवणं हे त्याचं पहिलं कर्तव्य, आणि पोलिसांच्या किंवा इतर सोपस्कारांसाठी ते थांबता कामा नये. केरळ उच्च न्यायालयापुढे ऐंशीच्या दशकात एक प्रकरण आलं होतं. अपेंडिक्स फुटलेल्या पेशंटचं ऑपरेशन वेळेत झालं नाही आणि तो गेला. डॉक्टरांचं म्हणणं, की पेशंटने संमती दिली नव्हती. न्यायालय म्हणालं, नकार दिला होता हे सिद्ध करायची जबाबदारी डॉक्टरांची आहे. लेखी पुरावा नव्हता. डॉक्टर दोषी ठरले.

मग रुग्णालयं थांबतात का? मी आतला माणूस आहे, म्हणून स्पष्ट सांगतो. एक म्हणजे भीती. पेशंट दगावला तर नातेवाईक म्हणतील, 'आम्हाला न विचारता कापलं', आणि काचा फुटतील. ही भीती खोटी नाही. दुसरं कारण कोणी उघड बोलत नाही. नातेवाइकांची सही ही बऱ्याचदा संमतीपेक्षा बिलाची हमी म्हणून हवी असते. हे दोन वेगळे कागद आहेत, पण एकाच फाइलमध्ये, एकाच वेळी पुढे केले जातात. मग कोणत्या कागदासाठी ऑपरेशन थांबलं आहे, हे बाहेरच्या माणसाला कळत नाही. आणि आणखी एक. यजमान पहिला काही वेळ शुद्धीत होते. स्कॅन झाल्यावरही ते बोलत होते. तेव्हाच त्यांना कोणी सांगितलं असतं, 'डोक्यात रक्त साठतंय, वाढलं तर ऑपरेशन करावं लागेल, तुमची संमती आहे का?' तर त्यांनी स्वतः सही केली असती. ती वेळ कोणी वापरली नाही, कारण ज्याची सही हवी तो माणूस समोरच आहे, हे कोणाच्या लक्षातच आलं नाही.

म्हणजे बघा, माझी चूक आणि त्या रुग्णालयाची चूक वरून अगदी उलट दिसतात. मी थांबायला हवं होतं तिथे पुढे गेलो, आणि ते पुढे जायला हवं होतं तिथे थांबले. पण दोन्हींचं मूळ एकच. दोघांनीही नातेवाइकाच्या सहीला पेशंटच्या संमतीच्या जागी बसवलं होतं. प्रश्न खरं तर दोनच असतात. पेशंट आत्ता स्वतः निर्णय घेऊ शकतो का? घेऊ शकत असेल तर त्यालाच विचारा. नसेल, तर तो निर्णय घेण्याच्या स्थितीत येईपर्यंत थांबता येईल का? थांबता येत असेल तर थांबा. थांबल्याने जीव किंवा अवयव जाणार असेल तर थांबू नका.

तिसरी गोष्ट सांगतो, म्हणजे हे प्रत्यक्षात कसं करतात ते कळेल.

ऊसतोडीचा हंगाम होता. रात्री पावणेअकराच्या सुमारास मुकादमाने एका कामगाराला आणलं. ट्रॉलीवरून पडला होता. वय चाळिशीच्या आत. नाडी १४०, वरचं ब्लडप्रेशर ७०, अंग थंडगार, हाक मारली तर नुसता हुंकार. पोट फुगलेलं. सोनोग्राफीत पोटात रक्त. प्लीहा, म्हणजे डाव्या बरगडीखालची पाणथरी, फाटलेली असणार. बायको गावी, आणि गावात फोन एकाच दुकानात, तोही बंद.

मुकादम म्हणाला, 'साहेब, मी अंगठा देतो, करा तुम्ही.' माणूस भला होता. पण तो नातेवाईक नव्हता आणि त्याच्या अंगठ्याला काही अर्थ नव्हता. मी त्याला म्हटलं, 'अंगठा नको, तुझ्याकडे रक्तगट जुळणारे चार लोक असतील तर आण.' भूलतज्ज्ञ आले, त्यांनी स्वतंत्रपणे तपासलं. मी केसपेपरवर लिहिलं : रुग्ण निर्णय देण्याच्या स्थितीत नाही, का नाही. पोटात रक्तस्राव चालू आहे, थांबल्यास मृत्यू संभवतो. नातेवाइकांशी संपर्काचा प्रयत्न किती वाजता, कोणी, कसा केला. जीव वाचवण्यासाठी पोट उघडून रक्तस्राव थांबवण्याची शस्त्रक्रिया करत आहोत. वेळ लिहिली. खाली आम्हा दोघा डॉक्टरांच्या सह्या. पोलीस ठाण्याला कळवलं. हे सगळं लिहायला पाच मिनिटं लागली, आणि तीही टेबल लावलं जात असताना. जीव वाचवताना कागद नंतर केला तरी चालतो, पण तो खरा आणि वेळेसकट हवा.

प्लीहा मुळापाशीच फाटली होती, शिवण्यासारखी नव्हती. काढली. रक्तस्राव थांबला. पोट बंद करायच्या आधी लक्षात आलं, की त्याला उजव्या जांघेत चांगला मोठा, जुना हर्निया आहे. माझा सहायक म्हणाला, 'सर, आता भूल आहेच, हाही करून टाकू.'

पुन्हा तेच वाक्य. 'भूल आहेच.' त्या बाईंच्या वेळी हे वाक्य मीच बोललो होतो. मी म्हटलं, 'नाही.' कारण संमतीशिवाय पोट उघडायचा अधिकार मला त्या रक्तस्रावाने दिला होता, आणि रक्तस्राव थांबला तिथे तो अधिकार संपला. हर्निया अडकलेला नव्हता. त्याच्यासाठी थांबता येत होतं.

तिसऱ्या दिवशी तो नीट बोलू लागला. मी खाटेवर बसून त्याला सांगितलं, काय झालं होतं, त्याला न विचारता मी काय काढलं आणि का. प्लीहा नसल्यामुळे काही जंतुसंसर्ग त्याला इतरांपेक्षा गंभीर होऊ शकतात, म्हणून लशी घ्याव्या लागतील आणि ताप आला तर अंगावर काढायचा नाही, हेही सांगितलं. बेशुद्ध माणसावर केलेल्या शस्त्रक्रियेत ही शेवटची पायरी फार वेळा राहून जाते. नातेवाइकांना सगळं माहीत असतं, आणि ज्याचं पोट आहे त्याला कोणी सांगितलेलंच नसतं.

सगळं ऐकून तो म्हणाला, 'मग साहेब, ते जांघेतलंही तेव्हाच का नाही केलंत? एका खर्चात झालं असतं.' मी म्हटलं, 'ते विचारायला तू जागा नव्हतास.' तो हसला. पट्टा पडल्यावर येतो म्हणाला. आलाच नाही. कदाचित गावाकडे करून घेतला असेल, कदाचित नसेलही. तो त्याचा निर्णय.

एक प्रश्न काल रात्रीच मला विचारला गेला, तो इथेच घेतो. शुद्धीत असलेला पेशंट स्वतःच 'नको' म्हणाला तर? सज्ञान माणूस, समजून-उमजून, परिणाम ऐकून 'नको' म्हणत असेल, तर डॉक्टर जबरदस्ती करू शकत नाही, जीव धोक्यात असला तरी. मी अशा वेळी पुन्हा पुन्हा बोलतो, दुसऱ्या डॉक्टरांना बोलावतो, त्यांच्या विश्वासातल्या माणसाला बोलावतो. नातेवाइकांचा खरा उपयोग इथे आहे. ते समजावू शकतात, धीर देऊ शकतात, पेशंटच्या आवडीनिवडी आम्हाला सांगू शकतात. पण शेवटचा शब्द त्यांचा नाही. आणि पेशंटने नकार दिलाच, तर तो लेखी घेतो. केरळच्या त्या प्रकरणाने हेच शिकवलं.

शेवटी, तुम्ही किंवा तुमचं माणूस ऑपरेशनला जाल तेव्हा काय करायचं तेवढं सांगतो. आपल्या वयात ती वेळ येणार आहे. सही करायच्या आधी डॉक्टरांकडून पाच गोष्टी समजून घ्या : नेमकं काय करणार, कशासाठी, दुसरा काही पर्याय आहे का, मोठे धोके कोणते, आणि नाही केलं तर काय होईल. त्या २००८ च्या निकालानुसार हे सांगणं डॉक्टरांचं काम आहे. दर हजारांत एखाद्याला होणारा प्रत्येक दुर्मीळ धोका सांगणं मात्र अपेक्षित नाही. फॉर्मवर ऑपरेशनचं नाव लिहिलेलं हवं. कोऱ्या फॉर्मवर सही करू नका. भाषा कळत नसेल तर मराठीत सांगायला लावा. आणि मी माझ्या चुकीतून शिकलेला सहावा प्रश्न आवर्जून विचारा : 'आत गेल्यावर दुसरं काही सापडलं, तर काय कराल?' मी आता प्रत्येक पेशंटला हे आधीच विचारतो. कोणी म्हणतं, 'काढून टाका, पुन्हा भूल नको.' कोणी म्हणतं, 'नाही, मला आधी सांगा.' दोन्ही उत्तरं बरोबर आहेत. जे उत्तर येईल ते मी फॉर्मवर लिहितो आणि त्याखाली पेशंटची सही घेतो.

मैत्रिणीच्या प्रश्नाचं उत्तर आता देतो. तुझ्या सहीत तसं काहीच नव्हतं. तुझ्या सहीची वाट बघायची गरज नव्हती. तू उशिरा पोचलीस म्हणून हे झालं, असं तू इतकी वर्षं मनाशी घेऊन बसली आहेस, ते मला मागच्या वेळी कळलं नाही. आज सगळ्यांसमोर सांगतो, उशीर तुझा नव्हता.

आमच्या भूगोलाच्या बाई पहिल्या रांगेत बसल्या आहेत. पुढच्या महिन्यात त्यांचं मोतिबिंदूचं ऑपरेशन आहे. काल त्यांचा मुलगा मला म्हणाला, 'फॉर्म मी भरून टाकतो.' बाई, फॉर्म त्यांना भरू द्या. सही मात्र तुम्ही वाचून करा. आम्हाला नकाशा वाचल्याशिवाय तुम्ही कधी उत्तर लिहू दिलं नाहीत.